रूटिंग टेबल कसं वाचायचं? संगणक कक्षातला एक प्रसंग



शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. अकरा मुलांचे अर्ज बाकी होते आणि संगणक कक्षातलं फायबरचं इंटरनेट सकाळपासून बंद पडलेलं. राउटर चालू होता, पण त्याच्यावरचा लाल दिवा काही जाईना. मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट सुरू केला आणि कक्षातला लॅपटॉप त्याला जोडला. केबल मात्र काढली नाही, कारण प्रिंटर कक्षाच्याच नेटवर्कवर आहे आणि प्रत्येक अर्जाची छापील प्रत लागणार होती.

वाय-फाय जोडलं गेलं. गुगलचं पान उघडलं. प्रिंटही निघत होती. पण अर्जाचं पान काही केल्या उघडेना, नुसतं गोल गोल फिरत राहिलं. शेवटचा दिवस म्हणून त्या संकेतस्थळावर गर्दी असेल असं समजून मी पाऊण तास वाया घालवला. शेजारच्या सरांनी स्वतःच्या फोनवर तेच पान उघडून दाखवलं, तेव्हा कुठे लक्षात आलं की घोटाळा आपल्याच लॅपटॉपमध्ये आहे. मग मी तेच केलं जे पाऊण तास आधी करायला हवं होतं. लॅपटॉपचं रूटिंग टेबल उघडून वाचलं.

आज आपण तेच टेबल वाचणार आहोत. तुमच्याकडे विंडोजचा संगणक असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ही आज्ञा द्या:

```
route print -4
```

बऱ्याच ओळी येतील. घाबरू नका, त्यातल्या निम्म्याहून अधिक ओळींशी आपल्याला आज काम नाही. त्या दिवशी माझ्यासमोर जे आलं, त्यातल्या कामाच्या चार ओळी अशा होत्या:

```
Network Destination  Netmask        Gateway       Interface      Metric
0.0.0.0              0.0.0.0        192.168.1.1   192.168.1.23   25
0.0.0.0              0.0.0.0        192.168.43.1  192.168.43.57  50
192.168.1.0          255.255.255.0  On-link       192.168.1.23   281
192.168.43.0         255.255.255.0  On-link       192.168.43.57  306
```

हे टेबल म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. संगणकाला जेव्हा एखादं पॅकेट बाहेर पाठवायचं असतं, तेव्हा त्याच्याकडे एकच गोष्ट असते, ती म्हणजे ते जिथे जायचं आहे तिथला आयपी पत्ता. ते पॅकेट केबलमधून पाठवायचं की वाय-फायवरून, आणि पहिल्यांदा कोणाच्या हातात द्यायचं, हे तो या टेबलात बघून ठरवतो. प्रत्येक पॅकेटसाठी. पूर्ण रस्ता या टेबलात कुठेही लिहिलेला नसतो, फक्त पहिलं पाऊल लिहिलेलं असतं. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, माझा पाऊण तास त्याच्यामुळेच गेला.

मुलांना सांगताना मी सोसायटीचं उदाहरण घेतो. समजा तुमच्या सोसायटीला दोन फाटकं आहेत, पुढचं आणि मागचं, आणि दोन्हीकडे वॉचमन बसलेला आहे. शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकूंना डबा द्यायचा असेल तर तुम्ही स्वतः जाऊन देता, वॉचमनला मध्ये घेत नाही. पण पार्सल नागपूरला पाठवायचं असेल तर ते फाटकावर नेऊन देता. नागपूर कुठल्या दिशेला आहे, तिथे कसं जायचं, हे तुम्हाला माहीत असायची गरज नाही. आपलं फाटक कुठलं, एवढं माहीत असलं की झालं.

आता खालच्या दोन ओळी बघा, कारण त्या सोप्या आहेत. `192.168.1.0` आणि त्याच्यापुढे `255.255.255.0`. हा दुसरा आकडा म्हणजे मास्क. मास्कमध्ये जिथे `255` आहे तिथला आकडा तंतोतंत जुळला पाहिजे आणि जिथे `0` आहे तिथे काहीही चालेल. म्हणजे या ओळीचा अर्थ झाला, «ज्या पत्त्याची सुरुवात `192.168.1` अशी आहे, तो प्रत्येक पत्ता». (मास्कमध्ये `255` आणि `0` सोडून इतरही आकडे असतात, पण घरच्या आणि शाळेच्या नेटवर्कवर ते क्वचितच दिसतात. पहिल्या धड्यात ते आणू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.)

त्याच ओळीत गेटवेच्या रकान्यात पत्ता नाही, `On-link` असं लिहिलंय. ही झाली थेट जोडलेली वाट. इंग्रजी पुस्तकात तिला कनेक्टेड रूट म्हणतात. म्हणजे काय तर हे सगळे पत्ते आपल्याच सोसायटीत आहेत, डबा स्वतः नेऊन द्या. ही ओळ कोणी टाइप केलेली नसते. लॅपटॉपला `192.168.1.23` हा पत्ता आणि मास्क मिळाला, त्याच क्षणी ती आपोआप तयार झाली. केबल काढली की ती तशीच आपोआप नाहीशी होते. हवं तर काढून बघा आणि आज्ञा पुन्हा द्या.

इथे मुलांचा एक गोंधळ हमखास होतो, मोठ्यांचाही होतो. `Interface` या रकान्यात जो पत्ता दिसतो तो पुढच्या कोणाचा नाही, तो आपल्याच लॅपटॉपचा आहे. `192.168.1.23` म्हणजे केबलच्या बाजूने आपलं नाव, आणि `192.168.43.57` म्हणजे वाय-फायच्या बाजूने आपलं नाव. एका माणसाला माहेरी एक हाक आणि सासरी दुसरी, तसं. विंडोज इथे कार्डाचं नाव न लिहिता हा पत्ता लिहितं, म्हणून घोटाळा होतो.

आता वरच्या दोन ओळी. पत्ता `0.0.0.0` आणि मास्कही `0.0.0.0`. मास्कमध्ये सगळीकडे शून्य आहे, म्हणजे काहीच जुळायची अट नाही, जगातला कुठलाही पत्ता या ओळीत बसतो. हा डीफॉल्ट रूट. दुसरीकडे कुठेच सोय लागली नाही तर इकडून जा, असं ही ओळ सांगते. आणि गेटवेच्या रकान्यात `192.168.1.1` आहे, तो फाटकावरचा वॉचमन. यालाच नेक्स्ट हॉप म्हणतात, म्हणजे पॅकेट ज्याच्या हातात द्यायचं तो लगेचचा पुढचा. आमच्याकडे पहिल्या ओळीतला वॉचमन हा कक्षातला राउटर आणि दुसऱ्या ओळीतला माझा फोन.

एक बारीक गोष्ट बघण्यासारखी आहे. वॉचमनपर्यंत तुम्ही स्वतः चालत जाऊ शकलात तरच त्याच्या हातात पार्सल देता येईल ना? म्हणून गेटवेचा पत्ता कुठल्यातरी थेट जोडलेल्या ओळीत बसावा लागतो. `192.168.43.1` हा चौथ्या ओळीत बसतो का? बसतो. मग ठीक. एखाद्याने हाताने सेटिंग करताना गेटवे `192.168.2.1` असा चुकून लिहिला, तर तो कुठल्याच `On-link` ओळीत बसणार नाही आणि इंटरनेट चालणार नाही. टेबल उघडल्यावर मी ही तपासणी सगळ्यात आधी करतो.

आता शेवटचा रकाना, मेट्रिक. म्हणजे त्या वाटेचा खर्च समजा, आकडा जितका लहान तितकी वाट पसंत. आमच्या लॅपटॉपवर केबलला `25` आणि वाय-फायला `50` मिळाले होते. हे आकडे विंडोज स्वतः ठरवतं, जोडणीचा वेग आणि प्रकार बघून. वेगवान केबलला लहान आकडा, वाय-फायला त्याहून मोठा. तुमच्या संगणकावर आकडे वेगळे असू शकतात. थेट जोडलेल्या ओळींमध्ये विंडोज त्यात आणखी `256` मिळवतं, म्हणून तिथे `281` आणि `306` दिसतात.

त्या दिवशी मागे उभी असलेली नववीतली एक मुलगी हे सगळं बघत होती. तिने विचारलं, «सर, प्रिंटरचा पत्ता `192.168.1.50` आहे ना? तो पहिल्या ओळीतही बसतो आणि तिसऱ्यातही. पहिलीचा मेट्रिक `25`, तिसरीचा `281`. मग प्रिंट राउटरकडे का नाही जात?»

हा प्रश्न विचारला जावा म्हणून मी दरवर्षी वाट बघत असतो, कारण टेबल वाचण्यातली सगळी गोम इथेच आहे. बहुतेक जण मेट्रिकचा आकडा आधी बघतात. संगणक तो शेवटी बघतो.

तो आधी बघतो की कुठली ओळ जास्त नेमकी आहे. तिसऱ्या ओळीत पहिले तीन आकडे जुळावे लागतात, पहिल्या ओळीत एकही नाही. जी ओळ जास्त आकडे जुळवून मागते ती जिंकते, मग तिचा मेट्रिक कितीही मोठा असो. काकू शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहतात हे पक्कं माहीत असताना डबा फाटकावर देण्यात काय अर्थ आहे? मेट्रिकची तुलना होते ती फक्त सारख्याच नेमकेपणाच्या ओळींमध्ये. आपल्या टेबलात अशी एकच जोडी आहे, वरच्या दोन ओळींची. दोन्ही डीफॉल्ट, दोन्ही शून्य आकडे मागणाऱ्या. तिथे मात्र `25` विरुद्ध `50` हा सामना होतो आणि केबल जिंकते.

आता कोडं सुटलं ना? प्रिंटर चालत होता कारण तिसरी ओळ थेट जोडलेली होती, तिला इंटरनेटशी देणंघेणंच नव्हतं. आणि अर्जाचं संकेतस्थळ बाहेरच्या जगात, म्हणजे डीफॉल्ट रूट, म्हणजे कमी मेट्रिकची केबल, म्हणजे राउटर, ज्याचं स्वतःचंच इंटरनेट बंद. पुढच्या फाटकाबाहेरचा रस्ता खणलेला आहे, पण वॉचमन खुर्चीत बसलाय आणि प्रत्येक पार्सल हसत हसत घेतोय. मागचं फाटक सताड उघडं, तिकडे कोणी जात नाही.

मेट्रिकला रस्ता खणल्याचं कळत नाही. ते जोडणीच्या वेगावरून ठरलेलं असतं आणि लॅपटॉप ते राउटर ही जोडणी तर उत्तमच होती. राउटर पूर्ण बंद असता किंवा केबल निघालेली असती, तर पहिली आणि तिसरी ओळ टेबलातून गळून गेली असती आणि सगळं आपोआप हॉटस्पॉटवरून चाललं असतं. घोटाळा झाला तो राउटर अर्धवट जिवंत असल्यामुळे.

नुसत्या तर्कावर थांबू नये, तपासावं. त्यासाठी ही आज्ञा द्या:

```
tracert -d 8.8.8.8
```

`8.8.8.8` हा गुगलच्या सार्वजनिक डीएनएस सेवेचा पत्ता आहे. नावाऐवजी थेट आकडे दिले की नाव शोधण्याचा भाग मध्ये येत नाही. ही आज्ञा पॅकेट कोणाकोणाच्या हातातून जातं ते एकेक टप्प्याने दाखवते. आमच्याकडे असं आलं:

```
1    <1 ms    <1 ms    <1 ms  192.168.1.1
2     *        *        *     Request timed out.
3     *        *        *     Request timed out.
```

पहिला टप्पा राउटर, त्याने पॅकेट घेतलं, पुढे सगळ्या चांदण्या. टेबल वाचून जे वाटलं ते खरं निघालं. एखादी मधलीच ओळ चांदण्यांची असेल तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका, कारण काही राउटर मुद्दामच उत्तर देत नाहीत आणि तरी पॅकेट पुढे पाठवतात. शेवटपर्यंत चांदण्याच असतील तर काळजी करायची.

उपाय दोन होते. पहिला सोपा, केबल उपसून काढायची. पण मग तिसरी ओळही जाते आणि प्रिंटर तुटतो. (पत्ता `192.168.1.50` तेव्हा कुठल्याच थेट ओळीत बसत नाही, डीफॉल्टमध्ये बसतो आणि प्रिंट माझ्या फोनकडे पाठवली जाते. फोन बिचारा त्या प्रिंटचं काय करणार?) दुसरा उपाय, केबलचा मेट्रिक हाताने वाढवायचा. आम्ही तो केला. नेटवर्क जोडण्यांच्या यादीत `Ethernet` वर जाऊन `Properties`, त्यात `Internet Protocol Version 4`, पुन्हा `Properties`, मग `Advanced`. तिथे सगळ्यात खाली `Automatic metric` ची खूण काढली आणि `100` लिहिलं. यासाठी अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. पुन्हा टेबल बघितलं:

```
0.0.0.0              0.0.0.0        192.168.1.1   192.168.1.23   100
0.0.0.0              0.0.0.0        192.168.43.1  192.168.43.57  50
192.168.1.0          255.255.255.0  On-link       192.168.1.23   356
192.168.43.0         255.255.255.0  On-link       192.168.43.57  306
```

केबलच्या दोन्ही ओळींचा मेट्रिक वाढला, `25` चे `100` झाले आणि `281` चे `356`. डीफॉल्टच्या सामन्यात आता `50` जिंकतो, म्हणजे फोन. आणि प्रिंटर? त्याच्या ओळीचा मेट्रिक वाढूनही त्याला काही फरक पडला नाही, कारण `192.168.1` ने सुरू होणाऱ्या पत्त्यांसाठी तितकी नेमकी ओळ तीच एक आहे, तिला प्रतिस्पर्धीच नाही. `tracert` पुन्हा चालवलं तर पहिला टप्पा `192.168.43.1` आला. अर्जाचं पान उघडलं. संध्याकाळी साडेपाचपर्यंत अकराही अर्ज भरून, छापून झाले.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. हे सगळं जमलं कारण कक्षाचं नेटवर्क `192.168.1` आणि फोनचं `192.168.43` होतं. दोन्हीकडे `192.168.1` असतं, तर थेट जोडलेल्या दोन ओळी अगदी सारख्या नेमकेपणाच्या झाल्या असत्या, त्यांच्यातही मेट्रिकचा सामना लागला असता आणि प्रिंट फोनच्या बाजूला गेली असती. घरी दोन राउटर जोडणाऱ्या पालकांना हा अनुभव येतो. तेव्हा एका राउटरचा पत्त्यांचा गट बदलणं हाच उपाय.

आता राहिला गुगलचा प्रश्न. सगळं बाहेरचं जग केबलकडे जात होतं, तर गुगलचं पान कसं उघडलं? याचं उत्तर `-4` मध्ये आहे. ते लिहिलं की फक्त आयपी आवृत्ती ४ चं टेबल दिसतं. आवृत्ती ६ चं टेबल वेगळं असतं, ते `route print -6` ने बघता येतं. आमचा फोन आवृत्ती ६ देत होता, कक्षाचा राउटर देत नव्हता. त्यामुळे त्या दुसऱ्या टेबलात डीफॉल्ट ओळ एकच होती आणि ती फोनची. गुगल दोन्ही आवृत्त्यांवर चालतं, म्हणून ते तिकडून उघडलं. अर्जाचं संकेतस्थळ फक्त आवृत्ती ४ वर होतं. काही पानं उघडतात आणि काही अजिबात नाहीत, असं कधी दिसलं तर दोन्ही टेबलं बघायची सवय लावा.

वर्गात हे शिकवताना मी संगणक नंतर सुरू करतो. आधी फळ्यावर चार ओळी लिहितो आणि चार पत्ते देतो: `192.168.1.50`, `192.168.43.1`, `8.8.8.8` आणि `192.168.2.7`. मुलांनी प्रत्येकासाठी ओळ शोधायची, पण मेट्रिकचा रकाना मी कागदाने झाकून ठेवतो. पहिल्या दोघांची उत्तरं तो न बघताच येतात. तिसऱ्यासाठी मुलं अडतात आणि म्हणतात, «सर, दोन ओळी बसतात.» तेव्हाच कागद काढायचा. चौथा पत्ता फसवा आहे. तो दिसतो आपल्यासारखा, पण `192.168.1` नाही आणि `192.168.43` ही नाही, म्हणून तोही डीफॉल्टनेच जातो. अर्धा वर्ग इथे चुकतो. चुकू द्यावा, मग मास्कचे `255` एकेक करून जुळवायला लावावेत.

आणि हो, काम झाल्यावर `Automatic metric` ची खूण परत लावायला विसरू नका. मी विसरलो होतो. फायबर दुसऱ्याच दिवशी सुरू झालं, पण लॅपटॉपने माझा हॉटस्पॉट लक्षात ठेवला होता. पुढच्या आठवड्यात घरून आलेला एक फोन घ्यायला मी हॉटस्पॉट चालू ठेवून बाहेर गेलो, तो परत येईपर्यंत विंडोजने केबल बाजूला ठेवून आपले सगळे अपडेट माझ्या फोनवरून उतरवले होते. दिवसाचा डेटा साडेअकरालाच संपला.